मशिदीमागची गल्ली, तिसरी खोली: प्लस कोडने आपला पत्ता सापडेल का?

आपल्या वस्त्यांमधला पत्ता बहुतेक वेळा तोंडीच असतो. ‘मोठ्या मशिदीच्या मागे, पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, पिठाच्या गिरणीसमोरची गल्ली, तिसरी खोली.’ मुंब्रा असो, भिवंडी असो की मालेगाव, गल्लीला नाव नसतं, घराला क्रमांक असला तरी तो कराच्या पावतीवरचा वेगळा, लाइट बिलावरचा वेगळा. मालेगावात तर कित्येक भाग अजून ‘सर्व्हे नंबर’नेच ओळखले जातात, आणि एका सर्व्हे नंबरात शेकडो घरं. वस्तीतल्या माणसाला या सगळ्याची अडचण नसते, कारण तो पत्ता विचारत नाही, माणूस विचारतो. अडचण होते ती बाहेरून येणाऱ्याची. पार्सलवाला नाक्यावर उभा राहून फोन करतो, तिथवर ठीक आहे. पण रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेचा चालक नाक्यावर उभा राहून फोन करतो, तेव्हा ती दहा-पंधरा मिनिटं फार महाग पडतात.

यावर उपाय म्हणून गेली काही वर्षं ‘प्लस कोड’चं नाव ऐकू येतं. गूगल मॅप्सवर एखाद्या जागेवर बोट दाबून धरलं की खाली अक्षरं-आकड्यांचा एक तुकडा दिसतो, मध्ये अधिकचं चिन्ह असलेला, तोच हा. त्यात मे २०२५मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ नावाचा स्वतःचा कोड अधिकृतपणे आणला आणि गोंधळ आणखी वाढला. कोणता घ्यायचा, कुठे लिहायचा, त्याने आधारवरचा पत्ता बदलतो का, घराचा पुरावा म्हणून चालतो का, असे प्रश्न वस्त्यांमध्ये विचारले जातात. म्हणून हा कोड नेमका बनतो कसा आणि कुठे फसतो, ते आम्ही एकाच उदाहरणावरून शेवटपर्यंत बघणार आहोत.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२पासून आहे, आणि त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. पण पिनकोड पत्र कोणत्या टपाल कार्यालयात जाणार एवढंच सांगतो. ४००६१२ म्हटलं की मुंब्रा कळतं, आणि तिथे लाखो माणसं राहतात. पुढचं काम पोस्टमनचं. प्लस कोड उलट्या बाजूने येतो. त्याला गाव, गल्ली, टपाल कार्यालय यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला फक्त पृथ्वीवरचा बिंदू कळतो, म्हणजे अक्षांश आणि रेखांश.

गूगलच्या झुरिकमधल्या अभियंत्यांनी ही पद्धत २०१४मध्ये तयार केली आणि तिचं सूत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही फुकट वापरू शकतो, परवानगी लागत नाही. इंग्रजी शब्द जोडून जागा सांगणारी ‘व्हॉट थ्री वर्ड्स’ नावाची एक पद्धतही तुम्ही ऐकली असेल, पण तिचं सूत्र एका खासगी कंपनीच्या हातात आहे. वस्तीच्या भिंतीवर रंगवायचा पत्ता कुणा कंपनीच्या मर्जीवर नसावा, असं आमचं मत आहे, म्हणून तिला इथेच सोडून देतो.

आता उदाहरण. मुंब्र्यात कौशाच्या बाजूला नकाशावर आम्ही सहज बोट ठेवलं: अक्षांश १९.१७६४, रेखांश ७३.०३१२. मुद्दाम कुणाचं घर निवडलेलं नाही. या बिंदूचा प्लस कोड असा येतो:

```
7JFM52GJ+HF
```

हा कोड दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांनी वाचायचा. प्रत्येक जोडीतलं पहिलं अक्षर दक्षिणोत्तर जागा सांगतं, दुसरं पूर्व-पश्चिम. पहिली जोडी 7J म्हणजे २० अंश लांब आणि २० अंश रुंद असा अवाढव्य चौकोन. त्यात मुंबई, दिल्ली, हैदराबाद आणि अगदी कराचीही येते. या चौकोनाचे उभे-आडवे वीस-वीस भाग केले की प्रत्येक तुकडा एक अंशाचा, म्हणजे दक्षिणोत्तर साधारण ११० किलोमीटरचा होतो. त्यातला आपला तुकडा FM. त्यात मुंब्रा आहे, भिवंडी आहे, पूर्वेकडे इगतपुरीही आहे. त्याचे पुन्हा वीस-वीस भाग केले की साडेपाच किलोमीटरचा तुकडा मिळतो, तो 52, मुंब्रा-कौशाचा पट्टा. पुन्हा भाग केले की सुमारे पावणेतीनशे मीटरचा तुकडा, GJ. हा झाला मोहल्ला. अधिकच्या चिन्हानंतरची शेवटची जोडी HF आपल्याला साधारण १४ मीटर बाय १३ मीटरच्या चौकोनात आणून सोडते. बस, एवढंच गणित आहे. याला इंटरनेट लागत नाही, कुठे नोंदणी लागत नाही, सरकारी किंवा खासगी यादीत नाव असावं लागत नाही. जिथे माणूस उभा राहू शकतो तिथे कोड आधीपासूनच आहे, मग ती वस्ती अधिकृत असो वा नसो.

अक्षरं मुद्दाम फक्त वीसच घेतली आहेत: २ ते ९ हे आकडे आणि C, F, G, H, J, M, P, Q, R, V, W, X. शून्य नाही, एक नाही, त्यामुळे O आणि शून्य, I आणि एक असा घोळ होत नाही. स्वर काढून टाकले आहेत, म्हणजे चुकून कुठलाही शब्द, विशेषतः वाईट शब्द, तयार होत नाही. लिहिताना ही सोय चांगली आहे. फोनवर सांगताना मात्र आपल्या उच्चारात ‘जी’ आणि ‘जे’, ‘पी’ आणि ‘व्ही’ पटकन मिसळतात. त्यासाठी गावांची नावं लावून सांगावं: G गोव्याचा, J जळगावचा, H हिंगोलीचा, F फलटणचा, M मालेगावचा, P पुण्याचा, R रत्नागिरीचा. V आणि W या दोघांसाठी मराठीत ‘व’च येतो, वसई आणि वर्धा म्हणून भागत नाही, तिथे स्पष्ट ‘डब्ल्यू’ म्हणा.

ही खबरदारी उगाच नाही. आधारच्या किंवा बँक कार्डाच्या क्रमांकात शेवटचा आकडा तपासणीसाठी असतो. एक आकडा चुकला तर यंत्र लगेच ‘चूक’ म्हणतं. प्लस कोडमध्ये तशी तपासणी नाही. चुकीचा कोडही कुठल्यातरी खऱ्या जागेचा कोड असतो, आणि फोन निमूटपणे तिकडे नेतो. आपल्या उदाहरणात GJ ऐवजी समोरच्याने JG लिहिलं, तर ठिपका साधारण साडेपाचशे मीटर उत्तरेला आणि तेवढाच पश्चिमेला सरकतो. तिरकं अंतर पाऊण किलोमीटर. गाव बरोबर, भागही ओळखीचा वाटणारा, पण मोहल्ला दुसराच. म्हणून कोड सांगून झाला की समोरच्याला विचारा, ‘नकाशावर काय दिसतंय?’ त्याने जवळची मशीद, शाळा किंवा रस्ता सांगितला आणि तो जुळला, की कोड बरोबर पोचला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती छोट्या कोडमध्ये. दहा अक्षरं लक्षात राहत नाहीत म्हणून गूगल मॅप्स पहिली चार अक्षरं गाळतं आणि त्या जागी गावाचं नाव लावतं:

```
52GJ+HF मुंब्रा
```

सोय छान आहे. फोन काय करतो, तर गावाचं नाव बघतो आणि त्या गावाच्या सगळ्यात जवळचा 52GJ+HF शोधतो. सगळ्यात जवळचा म्हणायचं कारण असं की 52GJ+HF हा एकच नसतो. प्रत्येक एक अंशाच्या तुकड्यात तो एकेकदा येतो. पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गेलात की पुन्हा एक, दक्षिणेला गेलात की आणखी एक. इथे आपल्या भागाची एक गंमतही आहे. ७३ अंश रेखांशाची रेषा ठाणे आणि मुंब्रा यांच्या मधून जाते. त्यामुळे ठाणे स्टेशनच्या पूर्ण कोडची सुरुवात 7JFJने होते आणि मुंब्र्याची 7JFMने, मध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटर. पण छोट्या कोडसोबत गाव म्हणून ‘मुंबई’ लिहिलं तरी फोन बरोबर मुंब्र्यातच येतो, कारण रेषा कुठेही असली तरी तो जवळचीच जागा धरतो.

आता समजा, मुंब्र्याच्या एका घरातून पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला मेसेज गेला: ‘खालाचं नवीन घर, 52GJ+HF’. गावाचं नाव राहून गेलं. भाच्याने पुण्यात बसून हा कोड टाकला. फोनने पुण्याजवळचा 52GJ+HF शोधला, आणि त्याचा पूर्ण कोड 7JCP52GJ+HF असा येतो. ही जागा सातारा रस्त्यावर शिरवळच्या पूर्वेला काही किलोमीटरवर आहे. भाचा शहाणा असेल तर रस्ता भलतीकडे चाललाय हे बघून थांबेल. पण मालाची गाडी घेऊन येणारा, या भागाची ओळख नसलेला चालक थांबेलच असं नाही. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर किंवा मदरशाच्या फलकावर छोटा कोड छापायचा असेल तर गावाचं नाव त्याला चिकटूनच हवं, वेगळ्या ओळीत नको. कारण लोक तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवतात. ‘महाराष्ट्र’ लिहूनही भागत नाही, राज्य फार मोठं आहे. परगावच्यांना पाठवायचा असेल तर सरळ पूर्ण दहा अक्षरांचा कोड पाठवावा हेच बरं.

यानंतरचा प्रश्न दाटीचा. युरोप-अमेरिकेत १४ मीटरच्या चौकोनात एक घर येतं, अंगणासकट. आपल्याकडे काय येतं? १४ बाय १३ मीटर म्हणजे सुमारे साडेएकोणीसशे चौरस फूट. चाळीतली एक खोली दीडशे चौरस फुटांची धरली आणि गल्ली-गटारासाठी जागा सोडली, तरी दहा घरं एका कोडात सहज बसतात. वर पोटमाळा असेल तर त्याहून जास्त. आणि कौशातल्या सात मजली इमारतीत तर पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांचा कोड एकच, कारण कोडला उंची कळत नाही. तेव्हा कोडने खोली क्रमांक, विंग आणि मजला यांची सुट्टी होत नाही. तो बाहेरच्या माणसाला दाराजवळ आणतो, शेवटची वीस पावलं अजूनही जुन्याच पद्धतीने चालायची आहेत.

यावर कुणी म्हणेल, मग आणखी एक अक्षर वाढवा. वाढवता येतं. अकरावं अक्षर लावलं की चौकोन अडीच-तीन मीटरचा होतो, जवळजवळ एका खोलीएवढा. पण इथे एक फसवी गोष्ट आहे, आणि डिजिपिनलाही ती तितकीच लागू आहे. कोड कितीही बारीक असला तरी तो बनतो फोनने दिलेल्या जागेवरून. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. पत्र्याच्या छपराखाली, दोन उंच भिंतींमधल्या तीन फुटी गल्लीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक वीस, तीस, कधी पन्नास मीटरवर जाते. घरात गादीवर बसून काढलेला अकरा अक्षरांचा कोड अगदी नेमका दिसतो, पण तो शेजारच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी मोरीचा असू शकतो.

हे ओळखायचं कसं, तर नकाशावर आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं. ते वर्तुळ म्हणजे फोनची कबुली: ‘तू यात कुठेतरी आहेस.’ वर्तुळ दोन-चार घरांवर पसरलं असेल तर त्या क्षणी कोड काढू नये. नकाशा उपग्रह चित्रावर न्यावा, आपलं छप्पर ओळखावं (टाकी, निळी ताडपत्री, मशिदीचा मिनार यांवरून ओळखता येतं) आणि त्या छपरावर बोट दाबून धरावं. लाल खूण उमटते आणि खाली कोड येतो. असा काढलेला कोड फोनच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. छपरं इतकी चिकटलेली असतील की ओळखूच येत नाहीत, तर खोलीचा नाद सोडून गल्लीच्या तोंडाचा कोड घ्यावा. तसंही गाडी तिथवरच येणार असते.

आता डिजिपिनकडे. टपाल खात्याने तो हैदराबादच्या आयआयटी आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने तयार केला. कल्पना तीच, चौकोनात चौकोन, पण मांडणी वेगळी. भारताभोवती ३६ अंशांचा एक चौकोन आखला, त्याचे चार बाय चार असे सोळा भाग केले, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. शेवटी उरतो सुमारे ३.८ मीटरचा चौकोन. आपल्या त्याच बिंदूचा डिजिपिन आम्ही सूत्राने काढला:

```
4FK-77K-47KF
```

याला छोटं रूप नाही, दहाही अक्षरं लागतात. त्यामुळे शिरवळला पोचण्याचा धोका नाही, पण पाठ करणं कठीण. चौकोन लहान आहे, पण वर सांगितलेली फोनची चूक तशीच राहते. उलट ३.८ मीटरच्या चौकोनामुळे तीच खोली घरातून एकदा आणि दारातून एकदा बघितली की दोन वेगवेगळे कोड येतात, आणि घरातली माणसं दोन कागदांवर दोन कोड लिहून बसतात. मजला यालाही कळत नाही. आणि दोन्हींचं गणित वेगळं असल्यामुळे एकाचा कोड दुसऱ्याच्या पद्धतीने उलगडत नाही. मध्ये अधिकचं चिन्ह असेल तो प्लस कोड, दोन आडव्या रेषा असतील तो डिजिपिन, एवढी खूण पुरे.

डिजिपिनविषयी वस्त्यांमध्ये एक शंका बोलून दाखवली जाते: सरकार प्रत्येक घराला नंबर देऊन कुणाची यादी करतंय का? शंका का येते हे आम्हाला कळतं. पण कोड स्वतः यादी नाही. डिजिपिनमध्ये नाव नाही, फोन नाही, घरात किती माणसं हेही नाही. वरच्या बिंदूचा कोड आम्ही कुणालाही न विचारता काढला, तसा समुद्रातल्या बिंदूचाही निघतो. सूत्र टपाल खात्याने खुलं ठेवलं आहे. लक्ष ठेवायचं ते पुढच्या पायरीवर, जिथे कोड माणसाच्या नावाला जोडला जाईल. टपाल खात्याने ‘ध्रुव’ नावाच्या डिजिटल पत्ता व्यवस्थेचं धोरण मांडलं आहे, त्यात पत्ता संमतीने दुसऱ्याला देण्याची भाषा आहे. ती संमती प्रत्यक्षात कशी घेतली जाईल, नाकारली तर सेवा अडेल का, हे प्रश्न तिथे विचारायला हवेत. आणि घरगुती पातळीवरची खबरदारी तर आजपासूनच: घराचा कोड म्हणजे घराची नेमकी जागा. एकट्या राहणाऱ्या बाईच्या, मुलींच्या घराचा कोड फेसबुकवर किंवा पाचशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. तिथे गल्लीच्या तोंडाचा कोड द्यावा.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न, आणि खरी मर्यादा इथेच आहे. प्लस कोड किंवा डिजिपिन दाखवून आधारवरचा पत्ता बदलत नाही, रेशनकार्ड मिळत नाही, मतदार यादीत नाव लागत नाही. डिजिपिन हा टपालाच्या पत्त्याच्या जागी येणार नाही, त्याला फक्त जोड देईल, असं टपाल खात्याचंच म्हणणं आहे. घर कुणाच्या मालकीचं, कधीपासूनचं, हेही कोड सांगत नाही. पाडापाडीची नोटीस आली तर वकिलाला जागा दाखवायला कोड उपयोगी पडेल, पण ताबा सिद्ध करायला कराची पावती, लाइट बिल, जुनं रेशनकार्ड हेच कामाला येणार. ‘कोड देऊन तुमचं घर रेग्युलर करतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. कोड फुकट आहे आणि त्याने काहीही रेग्युलर होत नाही.

कोडला वजन येतं ते कुणीतरी तो मान्य केल्यावर. अमेरिकेत उटाह राज्यातल्या सान हुआन काउंटीत नवाहो आदिवासींची घरं अशी आहेत की रस्त्याला नाव नाही, घराला नंबर नाही. पत्ता नसल्याने मतदारांची नावं भलत्याच मतदान क्षेत्रात लागत. तिथे ‘रूरल उटाह प्रोजेक्ट’ या संस्थेचे कार्यकर्ते घरोघर गेले, प्रत्येक घराचा प्लस कोड तपासून काढला, दारावर पाटी लावली आणि मतदार नोंदणीसाठी तो वापरला. कोड तर आधीही होता. फरक पडला तो माणूस दारापर्यंत गेला आणि नोंदणीच्या कागदावर कोडला जागा मिळाली म्हणून. आपल्याकडे कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांमध्ये ‘अॅड्रेसिंग द अनअॅड्रेस्ड’ ही संस्था असंच काम करते, घरोघर प्लस कोडच्या पाट्या लावते. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने वस्त्यांमधल्या कामात प्लस कोड वापरले आहेत. दोन्हीकडे घरं एकेक करून नकाशावर आणावी लागली. फोन हातात आहे म्हणून आपोआप काही झालं नाही.

मोहल्ला कमिटीला हे करायचं असेल तर काम वाटतं त्याहून लहान आहे. पन्नास मीटरची सरळ गल्ली म्हणजे जेमतेम चार-पाच चौकोन. प्रत्येक खोलीला वेगळा कोड देण्याच्या फंदात न पडता गल्लीच्या दोन्ही तोंडांचे कोड उपग्रह चित्रावरून काढायचे. ते दोन वेगळ्या फोनवर उघडून बघायचे, त्यातला एक फोन परगावच्या माणसाचा असला तर उत्तम, कारण गावाचं नाव राहिलं असेल तर चूक तिथेच पकडली जाते. मग भिंतीवर ऑइलपेंटने रंगवायचे, त्याखाली ‘खोली १ ते ४०’ असं लिहायचं, आणि प्रत्येक दारावर खोलीचा क्रमांक. कोड गल्ली सांगेल, क्रमांक घर सांगेल. पुढे गल्ली रुंद झाली, रस्ता वळला, चाळ पडून इमारत झाली तरी त्या जागेचा कोड बदलत नाही, फक्त पाटी नव्या भिंतीवर लावावी लागते.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. १०८ला फोन केल्यावर पहिलं वाक्य कोडचं नको. समोरचा आधी गाव, भाग आणि मोठी खूण विचारतो, तीच सांगा. घाबरलेल्या आवाजात दहा इंग्रजी अक्षरं सांगणं आणि ऐकणं दोन्ही कठीण. गाडी निघाली की चालकाशी बोलणं होतं, तेव्हा त्याच्या मोबाइलवर पूर्ण कोड मेसेजने पाठवा आणि एक माणूस गल्लीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभा करा. मेसेज आधीपासून लिहून ठेवलेला असला तर घरातला बारा वर्षांचा पोरगाही तो पाठवू शकतो. आपल्या उदाहरणापुरता तो असा होईल. खोली, मजला आणि खुणा आपापल्या घालाव्यात:

```
7JFM52GJ+HF मुंब्रा, कौसा, पिन ४००६१२
मशिदीमागची गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर
खोली ३, तळमजला. गाडी गिरणीपर्यंत येते.
```

शेवटचं वाक्य वगळू नका. स्ट्रेचर किती दूर न्यायचं आहे, हे चालकाला त्यावरूनच कळतं.